‘यूज्ड टू’ एकच, वाक्यं तीन: पुढे ‘गो’ कधी आणि ‘गोइंग’ कधी?

रात्रपाळीच्या नोकरीसाठी मुलाखत चालू आहे. समोरच्या बाई विचारतात, “आर यू यूज्ड टू वर्किंग नाइट शिफ्ट्स?” उमेदवाराला रात्रपाळीची चांगली सवय आहे, त्यामुळे तो बेधडक उत्तर देतो, “येस मॅडम, आय यूज्ड टू वर्क नाइट शिफ्ट्स.” त्यावर बाई विचारतात, “मग बंद का केलं?” आणि उमेदवाराला कळेना, आपण बंद केलं असं कधी म्हणालो?

म्हणाला होता. बाईंनी विचारलं होतं, तुम्हाला रात्रपाळीची सवय आहे का. त्यानं सांगितलं, मी पूर्वी रात्रपाळी करायचो. आणि इंग्रजीत ‘पूर्वी करायचो’ म्हटलं की ‘आता करत नाही’ हे ऐकणारा आपोआप धरून चालतो. एक ‘ॲम’ राहून गेला, ‘वर्किंग’चा ‘वर्क’ झाला, आणि वाक्याचा अर्थच पालटला.

इंग्रजी शिकताना काळ, उपपदं, अनियमित क्रियापदं यांच्यावर आपण भरपूर घाम गाळतो. ‘यूज्ड टू’ची ही तीन वाक्यं, ‘करायचो’, ‘सवय आहे’ आणि ‘सवय होतेय’, मात्र शाळेत एखाद्या तासात उरकली जातात आणि पुढे वर्षानुवर्षं एकमेकांत मिसळत राहतात. दिसायला ती सख्खी भावंडं आहेत, पण व्याकरण म्हणाल तर दोन घरांचं आहे.

आधी कानाची गोष्ट

आपण देवनागरीत ‘यूज्ड टू’ लिहितो खरं, पण इंग्रज माणूस तसं म्हणत नाही. स्पेलिंगमध्ये शेवटी ‘डी’ असला तरी पुढच्या ‘टू’मधला ‘ट’ त्याला आपल्यात ओढून घेतो. उच्चार होतो ‘यूस्टू’, भरभर बोलताना तर ‘यूस्ट’. सिनेमा बघताना हे दोन शब्द कानाला सापडतच नाहीत, त्याचं कारण हेच. पुढची सगळी उदाहरणं म्हणून ऐकू येतात तशीच, ‘यूस्ट टू’ अशी लिहितो.

तिन्ही वाक्यांत उच्चार अगदी एकसारखा असतो. म्हणजे ‘यूस्ट टू’ नुसतं ऐकून काही कळत नाही. त्याच्या आधी काय आलंय आणि नंतर काय येतंय, ते ऐकावं लागतं.

पहिलं वाक्य: करायचो

“आय यूस्ट टू लिव्ह इन नाशिक.” मी पूर्वी नाशिकला राहायचो.

इथे ‘यूस्ट’च्या आधी ‘ॲम’, ‘वॉज’, ‘गेट’ असलं काहीही नाही, थेट कर्ता आहे. आणि नंतर क्रियापदाचं मूळ रूप आहे: लिव्ह, गो, प्ले, बी. ‘लिव्हिंग’ नाही, ‘लिव्ह्ड’ही नाही. मूळ रूप म्हणजे शब्दकोशात शोधताना आपण जे रूप शोधतो ते.

आपल्या भाषेत यासाठी ‘करायचो, जायची, असायचे’ ही चोख रूपं आहेत, जुन्या लिखाणातलं ‘करीत असे’ही आहे. मराठी वाक्यात ‘-यचो, -यची, -यचे’ आलं की इंग्रजीत बहुतेक वेळा हेच पहिलं वाक्य लागतं. “आजोबा रोज नदीवर पोहायला जायचे” याचं “माय ग्रँडफादर यूस्ट टू स्विम इन द रिव्हर एव्हरी डे.” “इथे एक वडाचं झाड होतं” याचंही “देअर यूस्ट टू बी अ बॅनियन ट्री हिअर” होतं, कारण इंग्रजीत हे वाक्य सवयींपुरतं नाही. पूर्वी बराच काळ असलेली आणि आता नसलेली स्थितीही त्यात बसते.

पण मी तर रोजच जातो, मग ‘आय यूज टू गो’ का नाही?

ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. “आय यूज टू गो टू जिम डेली” हे वाक्य ऑफिसात, कॉलेजात, बायोडेटात, कुठेही भेटतं. त्यामागचं तर्कशास्त्र तसं बिनचूक आहे: ‘यूस्ट टू’ म्हणजे जायचो, मग त्यातला ‘डी’ काढला की जातो!

तर्क चांगला, भाषा मात्र त्याच्यामागून येत नाही. ‘यूज’ या क्रियापदाला एके काळी ‘नेम असणे, रिवाज असणे’ असाही अर्थ होता, आणि तेव्हा ते वर्तमानकाळातही चालायचं. पुढे वर्तमानकाळ गळाला आणि भूतकाळ तेवढा टिकला. आज या अर्थानं ‘यूस्ट टू’ फक्त गेलेल्या दिवसांबद्दल बोलतं. सध्याच्या सवयीसाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो: “आय गो टू द जिम एव्हरी डे.” जोर हवा असेल तर ‘युजुअली’ घाला: “आय युजुअली गो इन द मॉर्निंग.”

गंमत म्हणजे ‘आय यूज टू गो’ ऐकणाऱ्या इंग्रजाच्या कानावर ‘आय यूस्ट टू गो’च पडतं, कारण भरभर बोलताना दोन्हींत फरक उरत नाही. तुम्ही रोज जिमला जाता असं सांगताय आणि तो समजतो, बिचाऱ्याचं जिम सुटलं.

किती वर्षं, किती वेळा, हे सांगायचं असेल तर?

मग ‘यूस्ट टू’ सोडून द्या. “मी नाशिकला 5 वर्षं राहिलो” हे “आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स” होईल. ‘आय यूस्ट टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ खटकतं. मराठीतही “मी नाशिकला 5 वर्षं राहायचो” असं कोणी म्हणणार नाही, ‘राहिलो’ असंच म्हणेल. मोजून सांगितलेला काळ किंवा मोजून सांगितलेल्या खेपा आल्या की तो पूर्ण झालेला हिशेब होतो, त्याला साधा भूतकाळ लागतो. “मी महाबळेश्वरला तीनदा गेलो” हेही ‘आय वेंट’. पण “दर मे महिन्यात जायचो” म्हटलं की पुन्हा ‘आय यूस्ट टू गो एव्हरी मे’, कारण इथे एकूण खेपा मोजलेल्या नाहीत, फक्त रिवाज सांगितलाय.

जुन्या आठवणी सांगताना इंग्रजी माणूस ‘वुड’ही वापरतो: “एव्हरी समर वी वुड गो टू द व्हिलेज.” ते चालतं, पण कृतीपुरतं. ‘असणे, राहणे, आवडणे’ यांसारख्या स्थितींना ‘वुड’ चालत नाही, तिथे ‘यूस्ट टू’च हवं. “आमच्याकडे एक म्हैस होती” यासाठी ‘वी वुड हॅव अ बफेलो’ म्हणालात तर ऐकणारा विचारेल, मग घेतली का नाही?

‘डिडन्ट यूज्ड टू’ की ‘डिडन्ट यूज टू’?

बोलताना प्रश्नच नाही, दोन्ही ‘डिडन्ट यूस्टू’ असंच ऐकू येतं. भांडण आहे ते लिहिण्याचं. ‘डिड’ आला की भूतकाळाचा भार त्यानं उचललेला असतो, म्हणून पुढच्या क्रियापदानं मूळ रूपात यायचं, हा शाळेतला नियम इथेही लागतो: ‘डिडन्ट वेंट’ नाही, ‘डिडन्ट गो’. त्याच हिशेबानं ‘डी’ काढून ‘डिडन्ट यूज टू’ लिहायचं. प्रश्नातही तसंच: “डिड यू यूज टू प्ले क्रिकेट?”

इंग्रजी मातृभाषा असलेली माणसंही इथे सर्रास ‘डी’ ठेवतात, आणि ते छापूनही येतं. तरी परीक्षेत आणि औपचारिक पत्रात ‘डी’शिवाय लिहिणं केव्हाही सुरक्षित. वाद नकोच असेल तर एक पळवाट आहे, आणि ती मला स्वतःला जास्त आवडते: “आय नेव्हर यूस्ट टू ड्रिंक कॉफी.” यात ‘डिड’ नाही, त्यामुळे ‘डी’ जागेवर राहतो.

दुसरं वाक्य: सवय आहे

“आय ॲम यूस्ट टू द नॉइज.” मला या गोंगाटाची सवय आहे, म्हणजे आता त्याचं काही वाटत नाही.

इथे ‘यूस्ट’ क्रियापद राहिलेलं नाही. ते विशेषण झालंय: सरावलेला, रुळलेला. ‘आय ॲम टायर्ड’मध्ये ‘टायर्ड’ जसा बसतो तसा ‘आय ॲम यूस्ट’मध्ये ‘यूस्ट’ बसतो. म्हणून त्याच्या आधी ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ यांपैकी काहीतरी लागतंच, आणि काळ बदलायचा असेल तर हाच शब्द बदलतो. ‘यूस्ट’ला हात लावायचा नाही. नकार आणि प्रश्नही त्याच शब्दावर: “आय ॲम नॉट यूस्ट टू स्पायसी फूड”, “आर यू यूस्ट टू द हीट?” इथे ‘डू’ आणि ‘डिड’ यांचं काही काम नाही.

आता खरी गोम. या वाक्यातला ‘टू’ हा पहिल्या वाक्यातला ‘टू’ नाही.

इंग्रजीत ‘टू’ दोन कामं करतो. एक, तो क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येतो: टू गो, टू ईट. पहिल्या वाक्यातला ‘टू’ हा. दुसरं, तो नामाआधी येणारं शब्दयोगी अव्यय असतो: टू पुणे, टू द डॉक्टर. इंग्रजीतलं हे अव्यय नामाच्या आधी येतं, आपलं मराठीतलं नामाला मागून चिकटतं, एवढाच फरक. ‘ॲम यूस्ट टू’मधला ‘टू’ हा दुसऱ्या जातीचा आहे. त्याला पुढे नाम हवं: द नॉइज, द हीट, इट.

मग पुढे क्रिया सांगायची असेल तर? क्रियापदाचं नाम करायचं. इंग्रजीत ते ‘आयएनजी’ लावून होतं: ‘गेट अप’चं ‘गेटिंग अप’, म्हणजे उठणं. म्हणून “आय ॲम यूस्ट टू गेटिंग अप अर्ली.”

हे परकं वाटत असेल तर स्वतःच्या मराठीकडे बघा. आपण ‘गर्दीची सवय’ म्हणतो, तशी ‘उठची सवय’ म्हणत नाही. ‘ची’ हा प्रत्यय नामालाच लागतो, म्हणून आधी ‘उठ’चं ‘उठणं’ करतो आणि मग ‘उठण्याची सवय’ म्हणतो. इंग्रजीतलं ‘गेटिंग अप’ म्हणजे आपलं ‘उठणं’, आणि ‘टू’ म्हणजे त्याला लागलेला ‘-ची’. दोन्ही भाषांना एकच गोष्ट हवी आहे: सवय कशाची, तर एका वस्तूची किंवा वस्तू बनवलेल्या क्रियेची.

शंका आली की क्रियापद काढून तिथे ‘ते’ या अर्थाचा ‘इट’ ठेवून बघा. “आय ॲम यूस्ट टू इट” हे वाक्य पूर्ण आहे, म्हणजे इथला ‘टू’ नामवाला, म्हणजे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावा. “आय यूस्ट टू इट” हे अर्धवट लटकतं, म्हणजे इथला ‘टू’ क्रियापदवाला, मूळ रूप ठेवा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ला हीच परीक्षा लावा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणून ई-मेलच्या शेवटी ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’ हवं. आपल्याकडच्या असंख्य ई-मेलांत तिथे ‘हिअर’ असतं, आणि त्याची मुळं याच गोंधळात आहेत.

मग ‘आय ॲम सपोज्ड टू गो’ कसं चालतं?

चौकस वाचक इथे हमखास अडवतो, आणि त्याचं बरोबर आहे. ‘ॲम सपोज्ड टू गो’, ‘ॲम अलाउड टू गो’, ‘ॲम फोर्स्ड टू गो’ या सगळ्यांत आधी ‘ॲम’ आहे, मध्ये ‘डी’वालं रूप आहे, पुढे ‘टू’ आहे, आणि तरी क्रियापद मूळ रूपात आहे. ‘ॲम यूस्ट टू गो’ हे याच साच्यातलं वाटतं, म्हणून तर चूक होते.

‘इट’ ठेवून बघा. ‘आय ॲम सपोज्ड टू इट’, ‘आय ॲम अलाउड टू इट’ ही वाक्यं लंगडी आहेत. म्हणजे त्यांचा ‘टू’ क्रियापदवाला. साचा वरून सारखा दिसला तरी आत वेगळा ‘टू’ आहे. तेव्हा ‘ॲम’ दिसला की ‘आयएनजी’ लावा, असा सरसकट नियम करू नका. बरेच क्लासवाले असा नियम फळ्यावर लिहून देतात आणि मुलं पुढच्याच आठवड्यात ‘आय ॲम सपोज्ड टू गोइंग’ म्हणू लागतात.

‘सवय होती’ हा आपला खड्डा

मराठी माणसाचा पाय घसरतो तो नेमका इथे. आपला ‘सवय’ हा शब्द दोन कामं करतो. “आजोबांना पहाटे 4 वाजता उठायची सवय होती.” यात आजोबा रोज पहाटे उठत हेही आहे, आणि पहाटे उठण्याचा त्यांना त्रास वाटत नसे हेही आहे. मराठीत दोन्ही एकत्र नांदतात. इंग्रजीत निवड करावी लागते.

आजोबा रोज काय करायचे हे सांगायचं असेल तर: “ही यूस्ट टू गेट अप ॲट फोर.” त्यांना त्याचं काही वाटत नसे हे सांगायचं असेल तर: “ही वॉज यूस्ट टू गेटिंग अप ॲट फोर.” आपण मनात ‘सवय होती’ म्हणतो, ‘होती’चं ‘वॉज’ करतो, ‘उठायची’चं ‘टू गेट अप’ करतो, आणि ‘ही वॉज यूस्ट टू गेट अप’ असं दोन्हींपैकी कोणतंच नसलेलं वाक्य तयार होतं.

उपाय मराठीतच आहे. ‘सवय होती’ काढा आणि वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगून बघा. ‘उठायचे’ म्हणून भागत असेल तर पहिलं वाक्य. ‘उठण्याचं काही वाटत नसे’ म्हणावंसं वाटलं तर दुसरं.

दोन्ही अर्थ किती वेगळे असू शकतात ते बघा. एखादी मुलगी महिनाभर रोज पहाटे उठून अभ्यास करायची, पण रोज रडतखडत. “शी यूस्ट टू गेट अप ॲट फोर” खरं आहे, “शी वॉज यूस्ट टू गेटिंग अप ॲट फोर” साफ खोटं. उलट, ज्याच्या खिडकीखालून आयुष्यभर लोकल गेली, तो स्वतः काहीच करत नाही, तरी ‘ही इज यूस्ट टू द ट्रेन्स’.

त्रास देणारं दुसरंच कोणी असेल तरी हे वाक्य चालतं. “माझ्यावर कोणी ओरडलेलं मला सहन होत नाही, सवय नाही” हे “आय ॲम नॉट यूस्ट टू पीपल शाउटिंग ॲट मी” होईल.

तिसरं वाक्य: सवय होतेय

‘ॲम’च्या जागी ‘गेट’ घातला की स्थिती जाते आणि बदल येतो. “आय ॲम गेटिंग यूस्ट टू द नॉइज.” गोंगाट हळूहळू अंगवळणी पडतोय. ‘टू’ तोच, नामवाला. म्हणून पुढे तेच, नाम किंवा ‘आयएनजी’: “शी इज गेटिंग यूस्ट टू लिव्हिंग अलोन.”

हे फारसं चुकत नाही, चुकतो तो काळ. काळ सगळा ‘गेट’वर चालतो. सवय झाली तो क्षण किंवा टप्पा मागे सांगायचा असेल तर ‘गॉट यूस्ट टू’. होईल असा धीर द्यायचा असेल तर “यू विल गेट यूस्ट टू इट”, नवीन नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकायला मिळणारं हे हमखास वाक्य. काही केल्या होत नसेल तर “आय कान्ट गेट यूस्ट टू इट.” आणि प्रश्न-नकारात इथे ‘डिड’ परत येतो, कारण ‘गेट’ हे खरंखुरं क्रियापद आहे: “आय डिडन्ट गेट यूस्ट टू द फूड.”

दुसरं आणि तिसरं यांत सांधा असा की सवय होण्याची प्रक्रिया संपली की स्थिती उरते. ‘आय हॅव गॉट यूस्ट टू इट’ म्हणा किंवा ‘आय ॲम यूस्ट टू इट नाऊ’ म्हणा, माणूस एकाच ठिकाणी पोचलेला असतो.

एक पत्र तपासून बघू

समजा, नागपूरहून जर्मनीतल्या म्युनिकला गेलेल्या एका इंजिनियरनं आपल्या जुन्या साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. पत्र काल्पनिक आहे, चुका मात्र रोजच्या व्यवहारातल्या.

तो सुरुवात करतो: “आय यूस्ट टू लिव्ह इन नागपूर फॉर ट्वेल्व्ह इयर्स.” मोजलेली 12 वर्षं आली, म्हणजे ‘आय लिव्ह्ड’. पुढे लिहितो: “देअर आय ॲम यूस्ट टू ड्राइव्ह ऑन द लेफ्ट.” इथे त्याला विचारावं लागेल, बाबा रे, तुला काय सांगायचंय? डावीकडून चालवायचास एवढंच असेल तर ‘आय यूस्ट टू ड्राइव्ह’. डावीकडून चालवणं हाताला बसलं होतं असं सांगायचं असेल तर ‘आय वॉज यूस्ट टू ड्रायव्हिंग’. जर्मनीत वाहनं उजवीकडून चालतात, आणि तो अडचणीबद्दलच बोलतोय, म्हणून दुसरं जास्त नेमकं. (ब्रिटनमधल्या व्याकरणाच्या पुस्तकांत अनेकदा ‘डावीकडून चालवायची सवय नाही’ असं उदाहरण असतं. आपल्या कामाचं नाही, आपण जन्मापासून डावीकडूनच चालवतो.)

तिसरं वाक्य: “नाऊ आय यूस्ट टू ड्राइव्ह ऑन द राइट एव्हरी डे.” ‘नाऊ’ आणि ‘यूस्ट टू’ यांचं या अर्थानं जमत नाही. रोज चालवतो, मग ‘नाऊ आय ड्राइव्ह’. चौथं: “ॲट फर्स्ट आय डिडन्ट यूस्ट टू द कोल्ड.” पुढे ‘द कोल्ड’ हे नाम आहे, म्हणजे हे दुसऱ्या जातीचं वाक्य, आणि त्यात ‘डिड’ला जागा नाही: ‘आय वॉजन्ट यूस्ट टू द कोल्ड’.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून तो लिहितो: “आय ॲम गेटिंग यूस्ट टू शॉप ऑन सॅटर्डेज.” ‘गेटिंग’ अगदी बरोबर निवडलं, फक्त ‘शॉप’चं ‘शॉपिंग’ हवं. शेवटी डिसेंबरचं गाऱ्हाणं: “बट आय कान्ट यूस्ट टू द डार्क इव्हनिंग्ज.” ‘कान्ट’च्या पुढे क्रियापद लागतं आणि ‘यूस्ट’ इथे क्रियापद नाही, विशेषण आहे. ते काम ‘गेट’ करतो: ‘आय कान्ट गेट यूस्ट टू’.

दुरुस्त पत्र असं झालं: “आय लिव्ह्ड इन नागपूर फॉर ट्वेल्व्ह इयर्स. देअर आय वॉज यूस्ट टू ड्रायव्हिंग ऑन द लेफ्ट. नाऊ आय ड्राइव्ह ऑन द राइट एव्हरी डे. ॲट फर्स्ट आय वॉजन्ट यूस्ट टू द कोल्ड. आय ॲम गेटिंग यूस्ट टू शॉपिंग ऑन सॅटर्डेज, बट आय कान्ट गेट यूस्ट टू द डार्क इव्हनिंग्ज.”

लक्षात आलं असेल, पहिल्या जातीचं ‘यूस्ट टू’ या पत्रात शेवटी एकदाही उरलं नाही. सुरुवातीला त्यानं ते दोनदा वापरलं होतं आणि दोन्हीकडे साधा काळ पुरेसा होता.

काही वर्षांनी तो मे महिन्यात नागपूरला परत येईल, उन्हानं हैराण होईल आणि म्हणेल, “आय यूस्ट टू बी यूस्ट टू द हीट.” हे वाक्य चुकलेलं नाही. पहिला ‘यूस्ट टू’ पहिल्या जातीचा, त्याच्या पुढे मूळ रूपातला ‘बी’. दुसरा दुसऱ्या जातीचा, त्याच्या पुढे नाम. पूर्वी मला या उन्हाची सवय होती, आता राहिली नाही.

आणि तो चौथा, जो या घरचा नाही

“धिस नाइफ इज यूझ्ड टू कट मीट.” ही सुरी मांस कापायला वापरतात. इथे ‘इज’ आहे, ‘टू’ आहे, आणि क्रियापद मूळ रूपात आहे. मग आतापर्यंत सांगितलेलं सगळं खोटं?

नाही. स्पेलिंग तेच असलं तरी हा शब्दच निराळा आहे. हे ‘वापरणे’ या अर्थाच्या ‘यूझ’चं रूप आहे, ‘वापरली जाते’. कानाला फरक कळतो: सवयीच्या तिन्ही वाक्यांत ‘स’ आणि ‘ट’, ‘यूस्ट’. वापरण्याच्या वाक्यात घोष ‘झ’ आणि ‘ड’, ‘यूझ्ड’. सुरीच्या वाक्यात नियम लावायचा म्हणून कोणी ‘धिस नाइफ इज यूस्ट टू कटिंग मीट’ लिहिलं, तर वाक्य व्याकरणात बसेल, पण अर्थ होईल, या सुरीला मांस कापायची सवय झाली आहे. कर्ता निर्जीव असेल तर आधी ‘वापरतात’ हा अर्थ लावून बघा. लागला, तर ‘टू कट’ ठेवा किंवा सरळ ‘फॉर कटिंग’ लिहा. ‘फॉर’ आला की सवयीचा अर्थ निघूच शकत नाही.